मांडीचे हाड ‘दोन आठवडे मागे’ : सोनोग्राफीवरून बाळाची जन्माच्या वेळची लांबी सांगता येते का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी साताऱ्याजवळ राहते आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. परवा ३२ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी ग्रोथ स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये बाळाच्या मांडीच्या हाडाची, म्हणजे फीमरची, लांबी ५८ मिलीमीटर लिहिली असून त्यापुढे यंत्राने ‘३० आठवडे २ दिवस’ असे छापले आहे. पोटाचा घेर २७२ मिलीमीटर असून तो तारखेच्या जवळपास आहे असे डॉक्टरांनी सांगितले. ‘काळजीचे कारण दिसत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा बघू’ एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

घरी मात्र हा कागद हातोहात फिरला. माझी उंची १४९ सेंटीमीटर आहे आणि यजमानांची १६५. त्यामुळे ‘बाळ बुटके होणार हे आताच कळले’ असा निकाल सासूबाईंनी देऊन टाकला. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की हाड दोन आठवडे मागे आहे याचा नेमका अर्थ काय? दुसरा असा, की या एका हाडावरून बाळ जन्माला येताना किती लांब असेल हे खरोखर सांगता येते का, आणि येत असेल तर किती खात्रीने?

निशिगंध

कृष्णाकाठ, माझ्या मुलीच्या वेळी अगदी हेच झाले होते. ३७ आठवड्यांना फीमर ६७ भरला होता आणि रिपोर्टवर ३४ आठवड्यांच्या पुढचा काहीतरी आकडा होता. जन्मल्यावर कार्डावर ५० सेंटीमीटर लिहून आले, म्हणजे चांगली भरलेली लांबी. म्हणून त्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका, असे मी अनुभवाने सांगते.

अनुभवी_आजी

कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घेतेस ना, बाळ? नाचणीची आंबील आणि खारीक सुरू कर. हाडे आपोआप लांब होतात. आमच्या वेळी सोनोग्राफी नव्हती तरी मुले सहा फूट झालीच.

पाटील_बोवा

आजी, तुमची मुले सहा फूट झाली ती नाचणीने, की आजोबांच्या उंचीने, याचा एकदा छडा लागला पाहिजे.

गणिती_गोविंद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जन्माच्या वेळी फीमर साधारण ७ सेंटीमीटर असतो आणि बाळ ४९-५० सेंटीमीटर, म्हणजे गुणोत्तर ७ झाले. त्यामुळे कोणत्याही महिन्यातल्या फीमरला ७ ने गुणावे, बाळाची त्या दिवसाची लांबी मिळते. तुमचे बाळ आज ५.८ गुणिले ७, म्हणजे साडेचाळीस सेंटीमीटर आहे. उरलेल्या आठवड्यांची वाढ त्यात मिळवली की झाले.

आणि हाड दोन आठवडे मागे असेल तर प्रसूतीची तारीखच दोन आठवडे पुढे ढकलायला हवी, असे मला वाटते. पाळीची तारीख सांगण्यात चूक झाली असणार.

ध्वनिलहरी

मी कोल्हापूर भागात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करतो. गोविंदरावांच्या शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण तो सल्ला कोणी खरा मानला तर नुकसान होईल. कृष्णाकाठताई, तुमची तारीख कशावरून ठरवली आहे? साधारण १२ आठवड्यांच्या आसपास डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी मोजून ठरवली असेल तर ती आता कोणत्याही हाडावरून हलवायची नाही. त्या वयात सगळी गर्भे जवळपास सारख्या मापाची असतात, त्यामुळे वय आठवड्याच्या आत अचूक कळते. ३२ आठवड्यांना फीमरवरून वय काढले तर ते दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते, कारण तोपर्यंत प्रत्येक बाळ आपापल्या चणीने वाढू लागलेले असते. शिवाय बाळ खरोखरच खुरटत असेल आणि आपण तारीख पुढे ढकलली, तर कागदावर ते एकदम निरोगी दिसू लागते आणि ज्यासाठी स्कॅन केला तेच झाकले जाते.

आता ‘दोन आठवडे मागे’चा अर्थ. यंत्रात एक तक्ता भरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत तो हॅडलॉक यांचा असतो, म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथे १९८०च्या दशकात तयार झालेला. ५८ मिलीमीटर हे त्या तक्त्यात कोणत्या वयाचे सरासरी माप आहे, एवढेच यंत्र सांगते. तुमच्या बाळाचे वय किती किंवा ते कितपत निरोगी आहे, हे ते सांगत नाही. त्याच तक्त्यात ३२ आठवड्यांचे सरासरी माप ६२ आहे. म्हणजे फरक ४ मिलीमीटरचा. आता हे ४ मिलीमीटर ऐकताना किरकोळ वाटतात आणि ‘बारा दिवस’ ऐकताना भीती वाटते, याचे कारण असे की दिवस जातील तसा फीमरच्या वाढीचा वेग मंदावतो. पाचव्या महिन्यात हाड आठवड्याला जवळजवळ ३ मिलीमीटर वाढते, आठव्यात २ च्या आसपास, आणि शेवटी शेवटी दीडपेक्षाही कमी. त्यामुळे विसाव्या आठवड्यात १ मिलीमीटरची तूट म्हणजे अडीच दिवस होतात, तर बत्तिसाव्यात तीनहून अधिक. तूट तेवढीच राहिली तरी दिवसांचा आकडा फुगत जातो.

तुमचे आधीचे रिपोर्ट असतील तर विसाव्या आठवड्यापासूनचे आकडे इथे लिहा. एका मापावरून वाढ कळत नाही.

रसिका_म

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि वर्गात सर्वांत लहान दिसतो. त्याच्या मांडीचे हाड सोनोग्राफीने मोजून पुढची उंची सांगता येईल का? कोल्हापूरला यावे लागेल का?

ध्वनिलहरी

रसिकाताई, इथला विषय गर्भातल्या बाळाचा आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी बालरोगतज्ज्ञांकडे उंचीचा आलेख आणि गरज पडल्यास मनगटाचा एक्स-रे असतो. सोनोग्राफीचा तिथे उपयोग नाही, त्यामुळे प्रवासही नको.

कृष्णाकाठ

ध्वनिलहरी, मनापासून आभार. तारीख १२ आठवड्यांच्या स्कॅनवरूनच ठरवलेली आहे. पाळी अनियमित होती, म्हणून डॉक्टरांनी तेव्हाच ती पक्की करून घेतली. फीमरची मापे अशी आहेत : २० आठवड्यांना ३१, २८ आठवड्यांना ५० आणि आता ३२ आठवड्यांना ५८. यंत्राने लिहिलेले वय अनुक्रमे १९ आठवडे ४ दिवस, २६ आठवडे ६ दिवस आणि ३० आठवडे २ दिवस असे आहे. म्हणजे आधी तीन दिवस मागे, मग आठ दिवस, आता बारा. हे तर वाढतच चालले आहे ना?

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे शेवटच्या महिन्यांत आईबापांना फीमरचा आकडा वेगळा सांगतही नाहीत. डोके, पोट आणि फीमर मिळून वजनाचा अंदाज काढतात आणि तो आलेखावर एक ठिपका म्हणून दाखवतात. आमच्या भागात तो आलेख आईची उंची, वजन आणि वंश बघून तिच्यापुरता आखलेला असतो. माझ्या पत्नीचा आलेख तिच्या गोऱ्या मैत्रिणीच्या आलेखापेक्षा खालून जात होता. भारतात सगळ्यांना टेक्सासची पट्टी का लावतात, हे मला कळलेले नाही.

ध्वनिलहरी

लेस्टरवासी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि कृष्णाकाठताईंच्या उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. आपल्याजवळ दुसरी पट्टीही आहे. इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पात आठ देशांतल्या आठ ठिकाणी निरोगी, पोषण चांगले असलेल्या, धोका कमी असलेल्या गर्भवती निवडून त्यांचे स्कॅन दर पाच आठवड्यांच्या आसपास केले गेले. त्या आठांपैकी एक ठिकाण आपले नागपूर होते. ऑक्सफर्ड, सिअॅटल, नैरोबी, मस्कत यांच्या रांगेत नागपूर. २०१४ साली त्याचे आलेख प्रसिद्ध झाले. मोजणाऱ्याला मोजताना आकडा दिसणार नाही अशी सोय त्यात केली होती, म्हणजे ‘इतका यायला हवा’ असे मनात धरून कोणी रेघ ओढू नये.

त्या आलेखात ३२ आठवड्यांच्या फीमरचे मधले माप साडेएकोणसाठच्या आसपास आहे, ६२ नाही. ताईंचे ५८ तिथे शंभरात खालून पंचविसाव्या-सत्ताविसाव्या क्रमांकावर बसते. २८ आठवड्यांचे ५० हेही साधारण त्याच क्रमांकावर येते आणि विसाव्या आठवड्यातले ३१ तर जवळजवळ मध्यावर. म्हणजे बाळ २८ ते ३२ आठवड्यांत आपल्या रेषेवरच चालले आहे. चार आठवड्यांत ८ मिलीमीटर वाढले, तिथली अपेक्षाही आठाचीच आहे. ‘आठ दिवसांचे बारा दिवस’ झाले ते वर सांगितलेल्या मंदावणाऱ्या वेगामुळे आणि जुन्या पट्टीमुळे.

जुन्या पट्टीत हाड थोडे लांब का, याचे एक कारण यंत्रातच आहे. हाड पडद्यावर आडवे असते आणि आडव्या दिशेने ध्वनीचा झोत जितका रुंद, तितकी हाडाची दोन्ही टोके फैलावून दिसतात. जुन्या यंत्रांचा झोत रुंद होता. आजच्या यंत्रांत टोके नेमकी दिसतात, त्यामुळे तेच हाड थोडे आखूड भरते.

गोदातीर

मी नाशिकला प्रसूतिशास्त्रात काम करते. ध्वनिलहरी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण एका बाबतीत मला थांबावेसे वाटते. पट्टी बदलली की बाळ ‘नॉर्मल’ होते, हे ऐकायला बरे वाटते, पण बाळ तेच असते. पट्टी जेवढी खाली, तेवढी खरोखर मागे पडणारी बाळे तिच्या आत लपण्याची शक्यता वाढते. नागपूरच्या ज्या स्त्रिया त्या अभ्यासात होत्या त्या निवडलेल्या, निरोगी होत्या. माझ्या ओपीडीत येणाऱ्या सगळ्या तशा नसतात. त्यामुळे मी कोणत्याही एका पट्टीवर निर्धास्त होत नाही. बाळ आपली रेषा सोडते आहे का, हे बघते.

पाचव्या महिन्यातच फीमर खूप आखूड असेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर अशा गर्भवतींपैकी काहींची बाळे पुढे वजनाने लहान राहतात. वार नीट काम करत नसल्याची ती लवकरची खूण असू शकते. कृष्णाकाठ, तुमचे विसाव्या आठवड्यातले माप तसे मुळीच नव्हते आणि पोटाचा घेर आजही तारखेजवळ आहे. वार कमी पडू लागली की साधारणपणे आधी पोट रोडावते, कारण यकृतातला साठा संपतो. हाड त्या मानाने उशिरा मागे पडते. तुमचे ५८ भागिले २७२ केले तर ०.२१ येते, आणि ०.२० ते ०.२४ हे नेहमीचे प्रमाण आहे. हाडांच्या जन्मजात विकारांत हे प्रमाण ठळकपणे घसरते, हाड वाकलेले दिसते आणि तूट ४ मिलीमीटरची नसून फार मोठी असते.

अनुभवी_आजी

आखूड फीमर म्हणजे डाऊन सिंड्रोम, असे आमच्या शेजारच्या सुनेला सांगितले होते. तीन रात्री ती मुलगी झोपली नाही. तेही तपासून घ्या म्हणते मी.

गोदातीर

आजी, त्यात अर्धे तथ्य आहे. दुसऱ्या तिमाहीतल्या स्कॅनमध्ये आखूड फीमर ही एक सौम्य खूण मानतात. ती एकटी असेल आणि आधीच्या रक्ततपासणीत व मानेमागच्या मापात धोका कमी आला असेल, तर तिचे वजन फारसे उरत नाही. ३२ आठवड्यांच्या मापावरून ती शंका नव्याने काढण्याचे तर कारणच नाही. आणि कॅल्शियमबद्दलही सांगते : ते घ्यायचेच आहे, आईसाठी. त्याने गर्भातले हाड लांब होत नाही.

गणिती_गोविंद

तारखेचा मुद्दा मला पटला, तो मी मागे घेतो. पण लांबीच्या प्रश्नाचे काय? ७ चा गुणाकार चुकीचा असेल तर कसा, ते कोणी आकड्यांत दाखवावे.

ध्वनिलहरी

दाखवतो. १९८४ साली फीमरवरून गर्भाची पूर्ण लांबी काढण्याचे एक सूत्र प्रसिद्ध झाले. मिलीमीटरमधल्या फीमरला ०.५९ ने गुणायचे आणि ६.१८ मिळवायचे, की डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. ७० मिलीमीटरला ४७.५ येतात, तुमच्या सातच्या हिशेबाने ४९. इथे फार फरक नाही. पण विसाव्या आठवड्यातले ३२ मिलीमीटर घ्या. सूत्राने २५ येतात, सातने २२.४. कारण पाचव्या महिन्यात बाळाच्या लांबीत डोके आणि धड यांचा वाटा मोठा असतो आणि पाय नंतर लांबतात. तो मिळवायचा ६.१८ नेमके हेच सांभाळतो. ७ ने गुणणे मुदत भरल्यावर योगायोगाने जवळ जाते, आधी नाही.

शिवाय सोनोग्राफीत आपण संपूर्ण फीमर मोजतच नाही. फक्त हाड बनलेला मधला दांडा मोजतो. खुब्याकडचे आणि गुडघ्याकडचे टोक तेव्हा कूर्चेचे असते आणि ते मापात धरत नाहीत.

आता खरी अडचण. सूत्रातला ०.५९ नीट बघा. फीमरमध्ये १ मिलीमीटर चुकला तर लांबीत ६ मिलीमीटर चुकतात. दोन चांगल्या डॉक्टरांनी एकाच बाळाचा फीमर मोजला तर १-२ मिलीमीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे लांबीत सव्वा सेंटीमीटरपर्यंत. त्यावर पुन्हा, एकाच फीमरच्या दोन बाळांची धडे आणि डोकी वेगळी असतात, तो फरक निराळाच. कृष्णाकाठताईंच्या बाळाने हीच रेषा धरली तर ३९ आठवड्यांना फीमर ६९च्या जवळ असेल. सूत्राने ४७ सेंटीमीटर येतात. प्रामाणिक उत्तर मात्र ‘४५ ते ४९’ असे आहे. निरोगी, मुदत भरलेली बहुतेक बाळे ४६ ते ५२ मध्ये असतात, म्हणजे बाळ न बघताही आपण जवळपास तेवढेच सांगू शकलो असतो.

पाटील_बोवा

म्हणजे एवढ्या यंत्रसामग्रीनंतर उत्तर ‘साधारण बाळाएवढे’ असे आले. सासूबाईंना हेच सांगा.

निशिगंध

तरी माझ्या मुलीचे ५० कसे भरले? ६७ ला सूत्र लावले तर ४५.७ येतात. ३७ नंतर प्रसूतीपर्यंत दोन आठवडे गेले, ते धरले तरी ४७-४८ व्हायला हवे होते.

ध्वनिलहरी

निशिगंधताई, ती लांबी कशाने मोजली होती, आठवते का?

निशिगंध

जन्मल्यावर प्रसूतिगृहातच टेपने मोजली होती. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी लाकडी पट्टीसारख्या साधनावर पुन्हा मोजली, तेव्हा ४८.५ आली होती. आता फाइल काढून बघितली तर दोन्ही आकडे आहेत. कार्डावर पहिलाच राहिला आणि आम्ही सगळ्यांना ५० सांगत आलो.

गोदातीर

हा अनुभव या धाग्यात फार उपयोगाचा आहे. नवजात बाळ कमरेत आणि गुडघ्यांत दुमडलेले असते. टेप शरीराच्या वळणावरून गेली की सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वाढतो, पाय नीट ताणले नाहीत तर तेवढाच कमी होतो. नीट मोजायचे तर इन्फॅन्टोमीटरवर, दोघांनी मिळून : एकाने डोके स्थिर फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळपायांना लावायची. प्रसूतीच्या गडबडीत हे क्वचितच होते. त्यामुळे ‘सोनोग्राफी चुकली’ असे म्हणताना ज्याच्याशी तुलना करतो तो आकडा तरी बरोबर होता का, हे विचारावे लागते.

सासूबाईंच्या मुद्द्याबद्दलही थोडे. जन्माच्या वेळच्या लांबीवर गर्भाशयातल्या परिस्थितीचा प्रभाव जास्त असतो. आईवडिलांच्या उंचीचा खरा प्रभाव पुढच्या दोनेक वर्षांत दिसू लागतो, तेव्हा कित्येक मुले आपली रेषा वर किंवा खाली बदलतात. ४७ सेंटीमीटरचे बाळ पुढे बुटके होईल असे त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही.

लेस्टरवासी

पण मग आईची उंची बघून आलेख आखणे चुकीचे आहे का? इथे तर तसेच करतात, आणि उंची खरेच महत्त्वाची नसती तर केले नसते.

गोदातीर

चुकीचे नाही. आईची उंची आणि चण यांचा बाळाच्या मापावर काही परिणाम होतोच. प्रश्न असा, की आई स्वतः लहानपणी पोषण कमी पडल्यामुळे बुटकी राहिली असेल, तर तिच्या बाळासाठी रेषा खाली आणणे म्हणजे त्याच कमतरतेला ‘नॉर्मल’ म्हणणे होईल का? यावर आमच्या व्यवसायातही एकमत नाही. इंटरग्रोथचे म्हणणे एक, तुमच्याकडच्या आलेखांचे दुसरे.

कृष्णाकाठ

सर्वांचे वाचून डोके बरेच शांत झाले. एक राहिले. २८ आणि ३२ आठवड्यांच्या स्कॅनचे फोटो माझ्याकडे आहेत. माप बरोबर घेतले आहे का, हे त्या फोटोवरून साध्या माणसाला ओळखता येते का?

ध्वनिलहरी

बऱ्याच अंशी येते. पहिले, हाड फोटोत आडवे पडलेले असावे. झोताच्या दिशेने कललेले हाड आखूड भरते. थोडा कल चालतो, ४५ अंशांहून जास्त नाही. दुसरे, दोन्ही टोके बोथट आणि स्पष्ट दिसावीत. एखादे टोक हळूहळू विरत गेले असेल तर छेद हाडाच्या कडेने गेला आहे आणि माप कमी आले आहे. तिसरे, गुडघ्याकडच्या टोकाला कधी कधी एक बारीक टोकदार रेघ पुढे आलेली दिसते. ती कूर्चेच्या कडेचे प्रतिबिंब असते. मोजण्याची खूण तिच्यावर ठेवली असेल तर माप उलट जास्त येते. चौथे, हाडाने फोटोचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला असावा, नाहीतर खूण थोडी हलली तरी मिलीमीटर बदलतो.

हाड किंचित वाकलेले दिसले तर लगेच घाबरू नका. प्रोबपासून दूर असलेल्या मांडीची आतली बाजू दिसते आणि ती निरोगी बाळातही कमानदार असते. म्हणून आम्ही जवळची मांडी मोजतो.

कृष्णाकाठ

२८ चा फोटो तुम्ही सांगितलात तसा आहे. ३२ च्या फोटोत हाड बरेच उतरते आहे आणि उजवीकडचे टोक पुसट आहे. हा फोटो घेताना बाळ खूप हलत होते, ते मला आठवते.

ध्वनिलहरी

तर मग ५८ हे प्रत्यक्षात ५९ किंवा ६० असू शकते. लगेच पुन्हा मोजायला धावू नका. आठवड्याने मोजले तर वाढ २ मिलीमीटर आणि मोजण्यातली चूकही तेवढीच, त्यातून काही कळणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलेले तीन आठवड्यांचे अंतर योग्य आहे. पुढच्या वेळी फीमर तीनदा मोजून सरासरी घ्यावी, एवढी विनंती करा.

कृष्णाकाठ

धागा वर काढते आहे. काल ३५ आठवड्यांचा स्कॅन झाला. या वेळी डॉक्टरांनी विनंती मान्य करून तीनदा मोजले : ६४, ६३ आणि ६४. रिपोर्टवर ६४ लिहिले आहे आणि त्यापुढे ‘३३ आठवडे’. पोटाचा घेर तारखेला धरून आहे आणि बाळाचा रक्तप्रवाह बघणारा डॉपलरही चांगला आहे. फीमर अजूनही बरोबर दोन आठवडे मागेच, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

ध्वनिलहरी

तीन आठवड्यांत ६ मिलीमीटर. या वयात इंटरग्रोथच्या रेषेवर ५ ते साडेपाच अपेक्षित असतात. बाळ एकाएकी वेगाने वाढले असे मी म्हणणार नाही. मागचे ५८ तिरक्या फोटोमुळे थोडे कमी आले होते, हे त्याचे साधे स्पष्टीकरण आहे. ३५ आठवड्यांचे मधले माप ६५च्या किंचित खाली आहे, म्हणजे तुमचे ६४ मध्याच्या थोडेच खाली आहे.

गणिती_गोविंद

सूत्राने नवा अंदाज : ३९ आठवड्यांना फीमर ७० धरला तर साडेसत्तेचाळीस सेंटीमीटर. मागच्या अंदाजापेक्षा अर्धा सेंटीमीटर जास्त, आणि तो एका तिरक्या फोटोचा परिणाम!

गोदातीर

हॅडलॉकच्या पट्टीने मात्र अजून ४ मिलीमीटरची तूट आहे, ती मी नजरेआड करणार नाही. पण पोट आणि डॉपलर चांगले असताना तिच्यासाठी प्रसूती लवकर करण्याचे कारण नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर स्कॅनची तारीख येण्याची वाट न बघता दवाखान्यात जा. ती खूण कोणत्याही हाडापेक्षा लवकर सांगते.

पाटील_बोवा

मी ४९ म्हणतो. पण इन्फॅन्टोमीटरवर, दोघांनी मोजलेले. टेपचा आकडा धरला जाणार नाही.

निशिगंध

४८.५, आमच्या मुलीसारखी. आणि कृष्णाकाठ, कार्डावर कोणता आकडा लिहितात तेवढे मात्र उभे राहून बघून घ्या.